‘इन्फर्मेशन’ला एस का लागत नाही? मोजता येणारी आणि न येणारी इंग्रजी नामं, खान्देशी कानाने

जळगावच्या बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीत कोणी ‘साहेब, मला दोन माहित्या द्या’ म्हणालं, तर आतला माणूस मान वर करून बघेल. हे वाक्य चुकलंय हे सांगायला त्याला व्याकरणाचं पुस्तक लागत नाही. पण तोच माणूस कागदावर इंग्रजीत ‘ऑल इन्फर्मेशन्स आर अव्हेलेबल हिअर’ असं लिहून खिडकीला चिकटवेल आणि त्यात काही खटकणार नाही. मराठीत जो कान जागा असतो तो इंग्रजीत झोपतो, कारण पाचवीत आपल्याला एवढंच शिकवलेलं असतं की एकाहून जास्त असलं की एस लावायचा.

हा लेख इंग्रजी लिहायला नुकतीच सुरुवात केलेल्यांसाठी आहे. यादी पाठ करून हा विषय फार काळ टिकत नाही, म्हणून ‘इन्फर्मेशन’ आणि ‘अ‍ॅडव्हाइस’ हे दोनच शब्द हाताशी धरू. या दोघांचं कोडं सुटलं की बाकीचे बरेच शब्द आपोआप रांगेत येतात.

पायरी पहिली: शब्दाआधी ‘दोन’ लावून मराठीत बोलून बघा

मराठीतही न मोजता येणारी नामं आहेत. शाळेत त्यांना पदार्थवाचक आणि भाववाचक अशी नावं दिलेली होती. कापूस घ्या. कापसाच्या सिझनमध्ये ‘घरात दोन कापूस आहेत’ असं कोणी म्हणत नाही. ‘दोन क्विंटल कापूस आहे’ म्हणतात. जिनिंगमध्ये गेला की त्याच्या गाठी होतात आणि मग ‘पन्नास गाठी’ म्हणता येतं. शेतात असतो तेव्हा बोंडं मोजता येतात. क्विंटल, गाठ आणि बोंड मोजता येतं, कापूस मात्र मोजता येत नाही. ‘कापसं’ असं अनेकवचन करून बघा, जीभच अडखळते.

आता हीच चाचणी माहितीवर लावा. ‘दोन माहिती’ बसत नाही, ‘माहित्या’ तर हास्यास्पदच वाटतं. म्हणजे इन्फर्मेशनच्या बाबतीत मराठी आणि इंग्रजी एकाच बाजूला आहेत. मदत, ज्ञान, सामान, वाहतूक, यंत्रसामग्री, प्रगती हे शब्दही तसेच. ‘दोन मदती’ किंवा ‘तीन सामानं’ आपण म्हणत नाही, इंग्रजीतही ‘हेल्प’, ‘नॉलेज’, ‘लगेज’, ‘ट्रॅफिक’, ‘मशिनरी’, ‘प्रोग्रेस’ यांना एस लागत नाही. इथे नवीन काही शिकायचं नाही. लिहिताना थांबून शब्दाची मराठी जोडी तोंडात घोळवायची, बस्स.

माहितीच्या अधिकाराचा अर्ज कधी भरला असेल तर हे पक्कं ध्यानात राहील. 2005 च्या त्या कायद्याचं इंग्रजी नाव ‘राइट टू इन्फर्मेशन’ असं आहे. अर्जात तुम्ही दहा प्रश्न विचारा नाहीतर पंधरा, मागता ती ‘माहिती’च. मोजायची वेळ आली की आपण मुद्दे मोजतो: ‘खालील पाच मुद्द्यांबाबत माहिती मिळावी’. आकडा मुद्द्याला चिकटतो, माहितीला नाही. इंग्रजीही नेमकं हेच करते, फक्त मुद्द्याच्या जागी दुसरा शब्द घेते. पोलीस स्टेशनातल्या एफआयआरचंही तसंच. पूर्ण नाव फर्स्ट इन्फर्मेशन रिपोर्ट. दोन नोंदवले तर ‘रिपोर्ट्स’ होतात, ‘इन्फर्मेशन’ जागचं हलत नाही.

पायरी दुसरी: जिथे मराठी कान फसवतो ते शब्द वेगळे काढा

‘दोन’ची चाचणी सल्ल्यावर लावा. ‘तुला दोन सल्ले देतो, ऐकशील का?’ एकदम बिनधोक मराठी. ‘एक सल्ला देऊ?’ हेही रोजचं. इथेच घात होतो. मराठीत सल्ला मोजता येतो, इंग्रजीत ‘अ‍ॅडव्हाइस’ येत नाही. म्हणून ‘ही गेव्ह मी अ‍ॅन अ‍ॅडव्हाइस’ आणि ‘थँक यू फॉर युवर अ‍ॅडव्हायसेस’ ही दोन वाक्यं आपल्याकडच्या पत्रांत इतक्या सहज येतात. लिहिणारा निष्काळजी नसतो, तो मराठीशी प्रामाणिक असतो.

अशा फसव्या शब्दांची स्वतःची छोटी यादी करायची, कारण चुका होतात त्या इथेच. माझ्या मते खान्देशातल्या माणसाने सल्ल्यासोबत चार शब्द आधी पक्के करावेत. बातमी आणि बातम्या आपण म्हणतो, पण ‘न्यूज’ला शेवटी एस दिसत असला तरी तो शब्द एकवचनी चालतो: ‘द न्यूज इज गुड’. ‘अ न्यूज’ होत नाही. पुरावा आणि पुरावे आपण म्हणतो, पण ‘एव्हिडन्स’ला एस नाही. काम आणि कामं आपण म्हणतो, पण रोजच्या कामासाठी ‘वर्क’च. ‘आय हॅव मेनी वर्क्स टुडे’ लिहू नका, मोजायचं असेल तर ‘जॉब्स’ किंवा ‘टास्क्स’ घ्या. चौथा शब्द दागिना. जळगावचा सराफ बाजार सोन्यासाठी सगळीकडे ठाऊक आहे आणि तिथे रोज दागिने मोजले जातात, पण इंग्रजीत ‘ज्वेलरी’ एकच, ‘ज्वेलरीज’ नाही. ‘ऑर्नमेंट्स’ चालतं.

दोन भाकऱ्या म्हणता येतात म्हणून ‘टू ब्रेड्स’ म्हणू नये, आणि डोक्यावरचे केस मराठीत अनेकवचनी असले तरी ‘हर हेअर इज लाँग’ असंच लिहायचं. हे शब्द तुलनेने लवकर सवयीचे होतात, म्हणून त्यांच्यावर थांबत नाही.

‘का?’ हा प्रश्न

पहिलं उत्तर सगळेच देतात: माहिती अमूर्त आहे, हातात धरता येत नाही, म्हणून मोजता येत नाही. हे उत्तर चुकीचं आहे. ‘आयडिया’ कुठे हातात धरता येते? तरी ‘टू आयडियाज’ बिनचूक आहे. ‘प्रॉब्लेम’, ‘सजेशन’, ‘रीझन’ ही सगळी अमूर्तच आहेत आणि मोजलीही जातात. उलट फर्निचर हाताला लागतं, पायाला ठेचकाळतंसुद्धा, पण मोजता येत नाही.

खरा धागा वेगळा आहे. खाटेचा एक पाय काढला तर त्या पायाला खाट म्हणत नाहीत. ट्रॅक्टरभर कापसातून मूठभर काढला तर मुठीतलाही कापूसच असतो. दोन खाटा जवळ ठेवल्या तर दोन खाटा होतात, दोन ढीग कापूस एकत्र केला तर एकच ढीग होतो. भाग घेतला तरी तेच, भर घातली तरी तेच, असं ज्याचं वागणं त्याला भाषा बहुधा ‘न मोजण्यासारखं’ म्हणून वागवते.

इन्फर्मेशन या कसोटीत बसतं. धुळ्याची बस किती वाजता, कोणत्या फलाटावर, भाडं किती, हे तिन्ही मिळून इन्फर्मेशन. नुसता फलाट सांगितला तरी तेही इन्फर्मेशनच. अ‍ॅडव्हाइस तसंच. डॉक्टर म्हणाले, मीठ कमी करा, रोज चाला, रात्रीची गोळी चुकवू नका. सगळं मिळून अ‍ॅडव्हाइस, त्यातलं एकच पाळलं तरी तुम्ही अ‍ॅडव्हाइस पाळला. इंग्रजीला तो सांगण्यातला ऐवज दिसतो. मराठीला मात्र सल्ला म्हणजे एकेक देण्याची कृती दिसते, म्हणून आपण सल्ले मोजतो. गंमत म्हणजे ‘सल्लामसलत’ म्हटलं की मराठीतही मोजणी थांबते.

आणि इंग्रजीतही देण्याची कृती मोजायची सोय आहे, तिचं नाव ‘सजेशन’. डॉक्टरांच्या त्याच तीन वाक्यांना ‘थ्री सजेशन्स’ म्हणता येतं. म्हणजे वस्तू तीच, बोलणं तेच, एका शब्दाला एस लागतो, दुसऱ्याला नाही. हे लक्षात घेतलं की मोठा गोंधळ मिटतो: मोजता येणं हा वस्तूचा गुण नाही, शब्दाचा आहे.

धान्याच्या कोठीत याचा पुरावा मिळतो. मराठीत ‘तांदूळ निवडून ठेवले’, पण ‘ज्वारी दळून आणली’. दाणे दोन्हीकडे सुटे, तरी एक अनेकवचनी आणि एक एकवचनी. इंग्रजीत गव्हाचा ‘व्हीट’ एकवचनी आणि ‘ओट्स’ अनेकवचनी. दाणे बघून यातलं काही ठरवता येत नाही. फ्रेंच आणि जर्मन भाषांत तर माहितीसाठी जवळपास हाच शब्द आहे आणि त्याचं अनेकवचन तिथे सर्रास होतं. तेव्हा माहितीचा स्वभावच असा आहे म्हणून तिला एस नाही, असं कोणी सांगितलं तर मान डोलवू नका. कापूस आणि खाटेची कसोटी शब्द समजून घ्यायला मदत करते, पण निकाल देत नाही. निकाल त्या त्या भाषेचा.

दोन चहा चालतात, मग दोन इन्फर्मेशन का नाही?

हा प्रश्न हुशार विद्यार्थी विचारतोच, आणि विचारायलाच हवा. चहा हा तर पातळ पदार्थ, पाण्यासारखा. तरी चाळीसगावच्या स्टेशनवर ‘दोन चहा द्या’ म्हटलं की दोन कप समोर येतात. अहिराणीत ‘माले दोन चहा दे’ म्हटलं तरी तेच. इंग्रजीतही हॉटेलात ‘टू टीज, प्लीज’ चालतं.

चालतं कारण चहाचं माप ठरलेलं आहे. ‘दोन’ म्हणजे दोन कप, हे देणारा आणि घेणारा दोघांना माहीत असतं. माप ठरलं की न मोजता येणारा शब्दही मोजला जातो. इन्फर्मेशनचं असं माप कुठेच ठरलेलं नाही. एक इन्फर्मेशन म्हणजे एक वाक्य, एक आकडा की एक पान? कोणालाच सांगता येणार नाही.

हे खरं असेल तर जिथे माप ठरलं तिथे या शब्दांनाही एस लागायला हवा, नाही का? तसंच झालंय. इंग्लंडच्या कायद्याच्या भाषेत गुन्ह्याचा आरोप मॅजिस्ट्रेटपुढे मांडण्याच्या एका ठरावीक रीतीला ‘अ‍ॅन इन्फर्मेशन’ म्हणतात आणि तिथे ‘इन्फर्मेशन्स’ हे अनेकवचन रीतसर वापरतात. तो एक ठरलेला दस्त आहे, म्हणून मोजता येतो. अ‍ॅडव्हाइसचं उदाहरण तर आपल्या जवळचं. बँकेतून पैसे जमा झाल्याची जी सूचना येते तिला ‘क्रेडिट अ‍ॅडव्हाइस’ म्हणतात, व्यापारात ‘पेमेंट अ‍ॅडव्हाइस’. ती एक चिठ्ठी असते, तिला नंबर असतो, म्हणून दहा चिठ्ठ्यांना ‘टेन अ‍ॅडव्हायसेस’ म्हटलेलं दिसतं. दाणाबाजारातल्या मुनीमजींच्या फायलीवर असा शब्द दिसला तर तो चुकलेला नाही. पण मामांनी लग्नाबद्दल दिलेल्या सल्ल्यासाठी तो वापरू नका.

पायरी तिसरी: एस काढून थांबू नका, मागचे डबे बघा

बहुतेक जण एस खोडतात आणि काम झालं समजतात. नाम न मोजता येणारं निघालं की त्याच्या आगेमागे जोडलेले शब्दही बदलावे लागतात. बघायच्या जागा चारच आहेत.

नामाआधी ‘अ’ किंवा ‘अ‍ॅन’ नको. ‘अ‍ॅन इन्फर्मेशन’ ही चूक ‘इन्फर्मेशन्स’इतकीच मोठी, फक्त कमी दिसते. मात्र यावरून ‘आर्टिकलच नको’ असा धडा घेऊ नका. ‘द’ चालतो, ‘धिस’ चालतो, ‘माय’ आणि ‘युवर’ चालतात. ‘द इन्फर्मेशन यू सेंट’ अगदी बरोबर आहे. अतिसावधपणे ‘द’ गाळणारेही मी बरेच पाहिलेत.

प्रमाण सांगणारा शब्द बदला. ‘मेनी’ आणि ‘फ्यू’ हे मोजता येणाऱ्यांचे, ‘मच’ आणि ‘लिटल’ हे न मोजता येणाऱ्यांचे. ‘सम’, ‘एनी’, ‘नो’, ‘अ लॉट ऑफ’ दोघांनाही चालतात. नवशिक्याने ‘अ लॉट ऑफ’ला धरून राहावं, कारण साध्या होकारार्थी वाक्यात ‘मच इन्फर्मेशन’ जरा ताठ वाटतं. ‘मच’ प्रश्नात आणि नकारात शोभतो: ‘हाऊ मच इन्फर्मेशन डू यू नीड?’

क्रियापद एकवचनी ठेवा. ‘द इन्फर्मेशन इज’, ‘हर अ‍ॅडव्हाइस वॉज’.

आणि पुढच्या वाक्यातलं सर्वनाम. इथे चांगले चांगले घसरतात. पहिल्या वाक्यात ‘इन्फर्मेशन’ बरोबर लिहितात आणि दुसऱ्यात ‘प्लीज सेंड देम’ म्हणतात, कारण मनात दहा मुद्दे असतात. ‘सेंड इट’ हवं.

पायरी चौथी: मोजायचंच असेल तर काय मोजायचं

कापसाला क्विंटल, तसा इन्फर्मेशन आणि अ‍ॅडव्हाइस दोघांनाही ‘पीस’. ‘अ पीस ऑफ इन्फर्मेशन’, ‘टू पीसेस ऑफ अ‍ॅडव्हाइस’. एस ‘पीस’ला लागतो, ‘ऑफ’च्या पुढचं नाम कोरंच राहतं. ‘पीसेस ऑफ इन्फर्मेशन्स’ ही दोन्ही दगडांवर पाय ठेवलेली चूक फार दिसते. बोलण्यात ‘अ बिट ऑफ अ‍ॅडव्हाइस’ जास्त हलकं, आणि कोणी वडीलधारं इशारा देत असेल तर ‘अ वर्ड ऑफ अ‍ॅडव्हाइस’.

पण खरं सांगू का, ‘पीस ऑफ’ प्रत्येक वाक्यात घातलं की लिखाण शाळकरी वाटायला लागतं. दर वेळी मोजायची गरजच नसते, ‘सम अ‍ॅडव्हाइस’ने काम भागतं. आणि आकडा महत्त्वाचा असेल तर मोजता येणारा भाऊबंद शब्द घ्यावा: इन्फर्मेशनऐवजी ‘डिटेल्स’ किंवा ‘फॅक्ट्स’, अ‍ॅडव्हाइसऐवजी ‘सजेशन्स’ किंवा ‘टिप्स’. ‘प्लीज सेंड मी टू मोर डिटेल्स’ हे ‘टू मोर पीसेस ऑफ इन्फर्मेशन’पेक्षा केव्हाही सुटसुटीत.

अ‍ॅडव्हाइसला तर आणखी एक वाट आहे: नाम टाकून क्रियापद वापरा. ‘ही गेव्ह मी अ‍ॅन अ‍ॅडव्हाइस टू सेल’ऐवजी ‘ही अ‍ॅडव्हाइझ्ड मी टू सेल’. नामात शेवटी स सारखा आवाज आणि स्पेलिंगमध्ये सी, क्रियापदात झ सारखा आवाज आणि स्पेलिंगमध्ये एस. यामुळे एक भ्रम होतो. ‘अ‍ॅडव्हायझेस’ हा शब्द छापील मजकुरात दिसतो आणि वाटतं, बघा, अनेकवचन आहे की. पण तिथे तो क्रियापद असतो: ‘द डॉक्टर अ‍ॅडव्हायझेस रेस्ट’, म्हणजे डॉक्टर विश्रांती घ्यायला सांगतात. आधी शब्द वाक्यात काय करतोय ते बघा, मग एसवर शंका घ्या.

एक पत्र हातात घेऊन

आता सगळं एका ठिकाणी लावून बघू. समजा रावेरकडचा एक केळी उत्पादक आहे. केळी पिकवण्याच्या चेंबरसाठी, म्हणजे जिथे इथिलीन वायू सोडून केळी पिकवतात त्या खोलीसाठी, त्याचा पुतण्या एका कंपनीला मेल लिहितोय. पहिला मसुदा असा:

‘वुइ नीड मेनी इन्फर्मेशन्स अबाउट युवर रायपनिंग चेंबर. प्लीज सेंड देम सून. लास्ट इयर वुइ बॉट सम इक्विपमेंट्स बट दे आर नॉट वर्किंग वेल. अवर इंजिनिअर गेव्ह अस अ‍ॅन अ‍ॅडव्हाइस टू चेंज द कूलिंग युनिट. एव्हरी डे वुइ सेंड टू ट्रक ऑफ बनाना. इफ यू हॅव एनी अदर अ‍ॅडव्हायसेस, प्लीज टेल.’

पहिलं वाक्य. ‘माहित्या’ म्हणता येत नाही, म्हणून एस गेला. एस गेला म्हणून ‘मेनी’ही गेला. त्याजागी ‘मच’ बसवण्याचा मोह टाळून ‘सम’ घेऊ: ‘वुइ नीड सम इन्फर्मेशन अबाउट युवर रायपनिंग चेंबर्स’. ‘चेंबर’ मोजता येतं आणि कंपनी एकच विकत नसणार, म्हणून तिथे एस लागला.

दुसऱ्या वाक्यात ‘देम’चं ‘इट’ झालं. पुतण्याला नेमकं काय हवंय हे माहीत असेल तर याहून बरं: ‘प्लीज सेंड द साइझेस, प्राइसेस अँड पॉवर रिक्वायरमेंट’. गोलगोल ‘इन्फर्मेशन’ मागितली की कंपनी सरळ छापील कॅटलॉग धाडून मोकळी होते.

तिसऱ्यात ‘इक्विपमेंट्स’. हा शब्द फर्निचर, लगेज, ज्वेलरी यांच्या घराण्यातला. इथे कापसाची कसोटी नीट लागत नाही, कारण अर्धा पंखा म्हणजे इक्विपमेंट नव्हे. हे शब्द वेगवेगळ्या वस्तूंना एकाच छत्रीखाली घेतात: पंखे, पाइप, मीटर, सगळं मिळून इक्विपमेंट. मराठीत ‘सामान’ हेच करतं, त्यामुळे शंका आली की जागी ‘सामान’ घालून बघा. ‘काही सामान घेतलं, पण ते नीट चालत नाही’. क्रियापदही एकवचनी येतं आणि सर्वनामही. म्हणून ‘सम इक्विपमेंट, बट इट इज नॉट वर्किंग वेल’.

चौथ्यात ‘अ‍ॅन अ‍ॅडव्हाइस’. इथे तीन वाटा आहेत. ‘गेव्ह अस सम अ‍ॅडव्हाइस’ म्हटलं तर पुढचं ‘टू चेंज’ नीट जुळत नाही. ‘अ पीस ऑफ अ‍ॅडव्हाइस’ने वाक्य जड होतं. मी क्रियापद निवडेन: ‘अवर इंजिनिअर अ‍ॅडव्हाइझ्ड अस टू चेंज द कूलिंग युनिट’.

पाचव्या वाक्यातली चूक उलट दिशेची आहे. जिथे एस हवा होता तिथेच तो नाही. मराठीत ‘एक ट्रक’ आणि ‘दोन ट्रक’, शब्द तसाच राहतो, म्हणून हात इंग्रजीतही एस लावत नाही. ‘टू ट्रक्स ऑफ बनानाज’ हवं. केळं एकेक सोलून खाता येतं, फण्या आणि घड तर मोजले जातातच, त्यामुळे इंग्रजीत तो सरळ मोजता येणारा शब्द आहे. न मोजता येणाऱ्या नामांचा धसका घेऊन ट्रकचा एस खाऊ नये.

शेवटचं वाक्य: ‘इफ यू हॅव एनी अदर सजेशन्स, प्लीज लेट अस नो’. इथे ‘एनी अदर अ‍ॅडव्हाइस’ही बरोबर आहे. पण पुतण्याला दोन-तीन पर्याय अपेक्षित आहेत, म्हणून ‘सजेशन्स’ जास्त नेमकं.

पायरी पाचवी: शंका उरली तर शब्दकोश

शिकणाऱ्यांसाठीचे इंग्रजी शब्दकोश, छापील असोत की मोबाइलवरचे, नामापुढे [C] किंवा [U] अशी खूण देतात. C म्हणजे मोजता येणारं, U म्हणजे न येणारं. मराठी अर्थ देणारे बरेच शब्दकोश आणि ॲप ही खूण देत नाहीत, आणि नेमकं तेच आपण वापरतो. म्हणून लिहिताना एक इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश उघडा ठेवा.

खूण बघताना पहिल्याच ओळीवर थांबू नका. बऱ्याच शब्दांपुढे दोन्ही खुणा असतात आणि अर्थानुसार त्या बदलतात. ‘पेपर’ म्हणजे कागद असेल तर U, वर्तमानपत्र किंवा परीक्षेचा पेपर असेल तर C. ‘नॉलेज’पुढे U असतं, तरी ‘अ गुड नॉलेज ऑफ मराठी’ अशा रचनेत ‘अ’ येतो. ‘यू हॅव बीन अ ग्रेट हेल्प’ तर रोजच्या बोलण्यातलं आहे. अशी सूट शब्दागणिक मिळते आणि शब्दकोशातल्या उदाहरणवाक्यांतूनच ती कळते. ‘इन्फर्मेशन’ आणि ‘अ‍ॅडव्हाइस’ यांना नेहमीच्या अर्थाने ती मिळालेली नाही. ‘अ गुड अ‍ॅडव्हाइस’ असं कुठे वाचलंत, तर विशेषण लावल्यानेही ‘अ’ला परवानगी मिळत नाही हे ध्यानात ठेवून तो खोडा आणि ‘गुड अ‍ॅडव्हाइस’ एवढंच ठेवा.